रागावलं की सुधारतात, शाबासकी दिली की बिघडतात

माहुलीच्या पायथ्यापासून नाणेघाटाखालच्या वैशाखऱ्यापर्यंत, शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या गावांत आणि पाड्यांत जिल्हा परिषदेच्या शाळा विखुरलेल्या आहेत. काही शाळा मिळून एक केंद्र होतं आणि केंद्रप्रमुख त्या शाळांना भेटी देतात. मुलांना वाचायला लावतात, गणितं घालतात, वह्या बघतात आणि जाताना शेरेबुकात चार ओळी लिहितात. या कामात ज्यांची वीस-पंचवीस वर्षं गेली आहेत, अशा माणसांकडून एक अनुभव हमखास ऐकायला मिळतो. ज्या शाळेचं तोंड भरून कौतुक केलं, ती पुढच्या भेटीत घसरलेली दिसते. जिथल्या गुरुजींना खडसावलं, तिथली मुलं पुढच्या वेळी बरी वाचतात. वर्गावरच्या बाईही हेच सांगतात. शाबासकी दिली की पोरं शेफारतात, दोन शब्द सुनावले की ताळ्यावर येतात.

या सांगण्यात खोटं काही नाही. त्यांनी पाहिलं ते तसंच घडलेलं असतं, आणि एकदोनदा नव्हे, पुन्हा पुन्हा. चूक होते ती त्यातून काढलेल्या अर्थात. कौतुकाने काही बिघडलं नसतानाही कौतुकानंतर काम घसरलेलं दिसतं. रागावण्याने काही साधलं नसतानाही रागावल्यावर ते सुधारलेलं दिसतं. हे कसं होतं ते समजायला आधी एका मुलाच्या एका दिवसाच्या वाचनाकडे नीट पाहावं लागेल.

तिसरीतला एक मुलगा घ्या. साहेब आलेत, त्यांनी पुस्तक उघडून एक उतारा समोर ठेवला आहे. तो उतारा भाताच्या आवणीचा निघाला तर चिखल, मूठ, रोप हे सगळे शब्द त्याच्या रोजच्या बोलण्यातले आहेत. तो झरझर वाचतो. उतारा समुद्रातल्या दीपस्तंभाचा निघाला तर तोच मुलगा दर ओळीला अडखळतो. आदल्या रात्री घरचे सगळे म्हशाच्या यात्रेला गेले असतील तर डोळ्यांवर झोप असते. अंगात कणकण असेल, सकाळी काही न खाता आला असेल, नवखा माणूस समोर बसल्यामुळे आवाज फुटत नसेल. आणि याच्या उलटही असतं. तोच धडा कालच वर्गात झालेला असतो, शेजारच्या मुलीने कुजबुजत एक शब्द सांगितलेला असतो.

म्हणजे त्या दिवशी जे दिसलं ते दोन गोष्टींची बेरीज आहे. एक त्या मुलाची खरी तयारी, जी आठवड्या-पंधरवड्यात फारशी हलत नाही. दुसरा त्या दिवसाचा योग, जो रोज बदलतो. आता असं विचारा, एखाद्या मुलाने नेहमीपेक्षा फारच छान वाचलं तर त्या दिवशीचा योग कसा असण्याची शक्यता जास्त? अनुकूलच. योग प्रतिकूल असता तर ते वाचन एवढं वर गेलंच नसतं. आणि पुढच्या वेळी? पुढच्या वेळचा योग मागचा काही लक्षात ठेवत नाही. तो कसाही असेल, सरासरीने साधारणच. तयारी तीच आणि योग साधारण, म्हणजे वाचन मागच्यापेक्षा खाली. फारच वाईट वाचलेल्या मुलाचं नेमकं उलट होतं, त्याचं वाचन वर येतं. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे प्रतिगमन म्हणतात. टोकाच्या मोजमापानंतर येणारं मोजमाप सरासरीच्या बाजूला सरकलेलं असतं.

शाबासकी आपण कधी देतो? वाचन वरच्या टोकाला गेलं त्या क्षणी. रागावतो कधी? ते खालच्या टोकाला असताना. घसरण जिथे जवळजवळ ठरलेली आहे तिथे कौतुक येतं आणि सुधारणा ठरलेली आहे तिथे राग येतो. मग जे होणारच होतं ते आपल्या शब्दांच्या खात्यावर जमा होतं.

घरी दोन फासे असतील तर हे अर्ध्या तासात पाहता येतं. दोन्ही फासे एकदम टाका आणि बेरीज लिहा. १० किंवा जास्त आली तर फाशांना मोठ्याने शाबासकी द्या. ४ किंवा कमी आली तर चांगलं खडसवा. मग लगेच पुन्हा टाका आणि बेरीज वाढली की घटली ते लिहा. फाशांना कान नाहीत, तरी वहीत काय उमटेल हे आधीच सांगता येतं. दोन फाशांचे ३६ प्रकार होतात. त्यांतल्या तीन प्रकारांत १० येतात, दोनांत ११ आणि एकात १२. दहानंतर त्याहून कमी येण्याचे प्रकार ३० आहेत, अकरानंतर ३३, बारानंतर ३५. हे सगळं धरून हिशेब केला की शाबासकी दिलेल्या १०० वेळांपैकी साधारण ८८ वेळा पुढची बेरीज घटलेली निघते. खालच्या बाजूचा हिशेब आरशातल्यासारखा तोच येतो, म्हणजे खडसावल्यानंतर १०० पैकी ८८ वेळा सुधारणा. एवढा ठळक अनुभव गाठीशी असलेला माणूस राग हाच उपाय मानू लागला तर त्याला दोष कसा द्यायचा?

डॅनियल कानेमान या मानसशास्त्रज्ञाला ही गोष्ट १९६० च्या दशकात इस्रायलच्या हवाई दलात उमगली. शिकवताना शिक्षेपेक्षा कौतुक अधिक उपयोगी पडतं असं ते वैमानिकांच्या प्रशिक्षकांना सांगत होते. त्यावर एका अनुभवी प्रशिक्षकाने हरकत घेतली. आकाशातली कसरत सफाईने केल्याबद्दल मी पोराला शाबासकी देतो आणि पुढची कसरत तो बिघडवतो. वाईट केली म्हणून ओरडतो आणि पुढची सुधारते, असं त्याचं म्हणणं होतं. शहापूरच्या शाळेत ऐकू येतं तेच. कानेमान यांनी जमिनीवर एक खूण केली आणि प्रत्येक प्रशिक्षकाला तिच्याकडे पाठ करून, न बघता, दोन नाणी टाकायला सांगितली. दोन्ही नाण्यांची खुणेपासूनची अंतरं मोजून फळ्यावर मांडली. ज्यांचं पहिलं नाणं अगदी जवळ पडलं होतं त्यांतल्या बहुतेकांचं दुसरं लांब गेलं, आणि ज्यांचं पहिलं फार लांब गेलं होतं त्यांतल्या बहुतेकांचं दुसरं जवळ आलं. मध्ये कोणी कोणाला काही बोललं नव्हतं. कानेमान यांना पुढे २००२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि त्या निमित्ताने लिहिलेल्या आत्मकथनात त्यांनी हा प्रसंग आवर्जून सांगितला आहे.

शाफ्नर या संशोधकाने १९८५ साली केलेला प्रयोग तर थेट शाळेतलाच आहे. लोकांना एका काल्पनिक मुलाला साडेआठच्या आत शाळेत आणायचं काम दिलं होतं. रोज संगणक त्या मुलाची यायची वेळ दाखवी, आणि पाहणाऱ्याने त्याचं कौतुक करायचं, त्याला रागवायचं की काहीच बोलायचं नाही हे ठरवायचं. खरं म्हणजे वेळा आठ वीस ते आठ चाळीस यांच्यात कशाही, चिठ्ठ्या उचलाव्यात तशा ठरवलेल्या होत्या. त्यांचा कोणाच्याही बोलण्याशी संबंध नव्हता. तरीही बहुसंख्य लोक या निष्कर्षाला आले की रागावण्याचा उपयोग होतो आणि कौतुकाचा तेवढा होत नाही. डोळखांबच्या बाजूला एसटीच्या वेळेवर शाळा गाठणाऱ्या मुलाला हा प्रयोग वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. कधी गाडी लवकर येते, कधी उशिरा येते. त्याला मिळणारी शाबासकी आणि बोलणी दोन्ही त्या गाडीवर ठरतात.

आपल्याकडे हा अनुभव शाळेबाहेरही फार जुना आहे. बाळ कसं गुटगुटीत झालंय असं कोणी म्हटलं की आजी पटकन काजळाची तीट लावते. तोंडावर कौतुक केलं की दृष्ट लागते. बाळ सगळ्यात छान दिसत असतं तेव्हाच कोणीतरी कौतुक करतं. त्यानंतरचा आठवडा तेवढा छान नसण्याचीच शक्यता जास्त असते. मग मीठ-मोहरी उतरवली जाते, तीही बाळाची किरकिर अगदी टोकाला गेल्यावर, आणि टोकानंतर किरकिर कमीच व्हायची असते. दृष्ट लागणंही खरं वाटतं आणि दृष्ट काढणंही. मला यात आजीचा अडाणीपणा दिसत नाही. तिने आयुष्यभर केलेली निरीक्षणं अचूक आहेत. फक्त ती सगळी टोकांवरून घेतलेली आहेत.

आता शाळेतल्या खऱ्या हिशेबाकडे येऊ. फाशांमध्ये सगळा योगच असतो, मुलांमध्ये तसं नसतं. चांगली तयारी असलेलं मूल पुढच्या वेळीही बरंच वर राहतं. म्हणून प्रश्न असा असतो की परतणं किती होईल. हे मोजायला लागणारं साहित्य गेल्या काही वर्षांत प्रत्येक शाळेच्या कपाटात आहे. २०२३-२४ पासून नियतकालिक मूल्यांकन चाचणी होते. वर्षाच्या सुरुवातीला पायाभूत चाचणी, मग संकलित मूल्यमापन १, आणि शेवटी संकलित मूल्यमापन २.

समजा एका केंद्रात चौथीची १२० मुलं आहेत आणि पायाभूत चाचणीत मराठीची सरासरी १०० पैकी ५० आली. सगळ्यात खालच्या २० मुलांची सरासरी २६ निघाली, सगळ्यात वरच्या २० मुलांची ७४. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, पण अशी पसरण शाळेत अगदी सहज दिसते. मागच्या वर्षांच्या दोन चाचण्यांतले त्याच मुलांचे गुण शेजारी शेजारी मांडून त्यांचा सहसंबंध काढला आणि तो ०.७ आला असं धरू. हा आकडा १ असता तर प्रत्येक मूल आपल्या जागी तसंच राहिलं असतं. शून्य असता तर सगळा फाशांचा खेळ झाला असता. ०.७ चा अर्थ असा की सरासरीपासूनचं जेवढं अंतर पहिल्या चाचणीत दिसलं, त्यातलं सरासरीने सत्तर टक्केच दुसऱ्या चाचणीत उरेल.

खालची वीस मुलं सरासरीपासून २४ गुण खाली होती. त्याचे सत्तर टक्के म्हणजे १६.८, म्हणून पुढच्या चाचणीत ती ५० वजा १६.८, म्हणजे साधारण ३३ वर येतील. वरची वीस मुलं ७४ वरून साधारण ६७ वर उतरतील. प्रश्नपत्रिका तेवढीच अवघड असेल आणि कोणी काहीही केलं नसेल, तरी खालच्यांना ७ गुणांची बढती आणि वरच्यांना ७ गुणांची घट लिहिलेलीच आहे.

आता गोष्ट घडते. पायाभूत चाचणीनंतर खालच्या मुलांच्या शिक्षकांना पंचायत समितीत बोलावून जाब विचारला जातो, वरच्या मुलांच्या शिक्षकांना गुलाबाचं फूल मिळतं. दिवाळीच्या आसपास संकलित १ होते. खालची मुलं ३३ वर आलेली असतात, वरची ६७ वर. बैठकीत हे आकडे पडद्यावर दाखवले जातात आणि धडा आपोआप निघतो. ज्यांना फूल मिळालं ते शिक्षकही घरी जाताना मनात म्हणतात की उगाच हुरळून गेलो.

या सापळ्यातून बाहेर पडायच्या वाटा आहेत, आणि त्यांना संगणकसुद्धा लागत नाही. पहिली वाट म्हणजे तक्ता उलटा वाचायचा. पायाभूत चाचणीतली खालची वीस बाजूला ठेवा. त्याऐवजी संकलित १ मधली खालची वीस निवडा आणि पायाभूत चाचणीत ती मुलं कुठे होती ते मागे जाऊन बघा. ती २६ वर नव्हती, ३३ च्या आसपास होती असं आढळेल. आणि संकलित १ मधली वरची वीस आधी ६७ च्या आसपास होती. म्हणजे काळ उलटा फिरवला तरी टोकाची मुलं सरासरीकडेच सरकलेली दिसतात. नोव्हेंबरमधलं रागावणं ऑगस्टमधले गुण वाढवू शकत नाही. उलट्या वाचनातही तेवढीच सुधारणा दिसत असेल तर ती रागावण्याची नाही, निवडीची आहे.

ही उलट वाचायची युक्ती मूळची फ्रान्सिस गाल्टन यांची. १८८६ साली त्यांनी आईबाप आणि त्यांची मोठी झालेली ९२८ मुलं यांच्या उंच्या तपासल्या. फार उंच आईबापांची मुलं सरासरीने उंच होती, पण आईबापांइतकी नाहीत. सरासरीपासूनच्या अंतराचा साधारण दोन तृतीयांश भागच त्यांच्यात उतरला होता. मग त्यांनी उंच मुलांच्या बाजूने पाहिलं, तर त्यांचे आईबापही मुलांइतके उंच नव्हते. मुलं काही आईबापांची उंची ठरवत नाहीत, म्हणून हे परतणं कोणी कोणावर केलेला परिणाम असूच शकत नाही.

दुसरी वाट पसरण बघायची. रागाने खालची मुलं खरोखर वर येत असती आणि कौतुकाने वरची खाली येत असती, तर दोन-तीन चाचण्यांत सगळी मुलं पन्नासच्या आसपास गोळा झाली असती. तसं कधीच होत नाही. दर चाचणीत कोणीतरी ७५ वर असतं आणि कोणीतरी २५ वर, फक्त नावं थोडी बदललेली असतात. आधीची मधली काही मुलं टोकाला गेलेली असतात, पण त्यांच्याकडे कोणी बघत नाही. आपली नजर मागच्या वेळी ज्यांना बोलावलं होतं त्यांच्यावरच असते. सरासरी तीच, पसरण तेवढीच आणि टोकाची मुलं सरकलेली, असं चित्र दिसलं की ते निव्वळ प्रतिगमन समजावं.

तिसरी वाट सगळ्यात कामाची, आणि तिच्यासाठीच तीन चाचण्या उपयोगी पडतात. निवड एका मोजमापावर करायची आणि सुधारणा मोजायची सुरुवात दुसऱ्या मोजमापापासून करायची. पायाभूत चाचणीवरून वीस मुलं निवडली, पण त्यांची खास शिकवणी संकलित १ झाल्यावर सुरू केली, तर परतायचं तेवढं ती संकलित १ पर्यंत परतलेली असतात. नव्या चाचणीतला योग त्या निवडीशी बांधलेला नसतो. मग ३३ पासून संकलित २ मध्ये ती ३८ वर गेली तर त्या पाच गुणांवर बराच भरवसा ठेवता येतो. याला एक अडचण आहे, आणि ती खरी आहे. मुलाला मदत लागते हे ऑगस्टमध्ये कळलं असताना नोव्हेंबरपर्यंत थांबायचं कसं? थांबू नयेच. अशा वेळी पायाभूत चाचणीनंतर दहा-पंधरा दिवसांत त्याच मुलांची वर्गातच आणखी एक छोटी चाचणी घ्यावी, तेवढ्याच अवघड प्रश्नांची, आणि मोजणीची सुरुवात तिच्यापासून धरावी. इतकं केलं तरी पुरतं.

शहापूर-मुरबाडमध्ये या मोजणीला आणखी एक धोंड आहे. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि मुलं बरोबर जातात. वर्षाच्या शेवटच्या चाचणीला वर्गातली सगळ्यात मागे पडलेली काही मुलं हजरच नसतात. मग खालच्या गटाची सरासरी कोणाचीही प्रगती न होता वर जाते. हे प्रतिगमन नव्हे, पण कागदावर दिसतं तसंच, आणि दोन्ही एकात एक मिसळतात. म्हणून तुलना करताना दोन्ही चाचण्यांना बसलेल्या मुलांचेच गुण घ्यायला हवेत, आणि न बसलेल्यांची नावं वेगळी लिहायला हवीत.

शाळांची तुलना करताना तर पटसंख्या विसरून चालत नाही. पाड्यावरच्या शाळेत चौथीत सहा मुलं असतात, बाजारपेठेच्या गावातल्या शाळेत छत्तीस. वरच्या उदाहरणातला प्रत्येक मुलाचा योग धरून हिशेब केला, तर सहा मुलांच्या वर्गाची सरासरी निव्वळ योगाने साडेतीन गुण सहज इकडेतिकडे होते. छत्तीस मुलांच्या वर्गाची जेमतेम दीड गुण. पाड्यावर सगळ्यांना एकाच वेळी ताप आला किंवा सगळे एकाच हळदीला गेले तर हा फरक आणखी वाढतो. म्हणूनच गुणानुक्रमे यादी लावली की वरच्या टोकालाही छोट्या शाळा दिसतात आणि खालच्या टोकालाही छोट्याच. सत्कार त्यांचाच होतो आणि कारणे दाखवा नोटीसही त्यांनाच जाते. पुढच्या वर्षी सर्वांत जास्त परततातही त्याच. दोन शिक्षकांच्या या शाळांवर इतका हेलकावा लादणं मला अन्यायाचं वाटतं. यादी लावायचीच असेल तर अशा शाळेची तीन वर्षांची सरासरी घ्यावी.

एक-दोन चाचण्यांवर शाळा निवडून मोठं धोरण आखलं की काय होतं, हे चिली देशाने अनुभवलं आहे. तिथे १९९० साली सर्वांत कमी गुण आलेल्या सुमारे नऊशे शाळांना मदत द्यायची योजना सुरू झाली. पुस्तकं, शिक्षकांचं प्रशिक्षण, मुलांसाठी जादा वर्ग. त्या शाळांचे गुण पुढच्या चाचण्यांत चांगले वाढले आणि योजना यशस्वी मानली गेली. चे, मॅक्यूअन आणि उर्किओला या तीन अर्थशास्त्रज्ञांनी २००५ साली तो हिशेब पुन्हा मांडला. निवडीची रेषा ज्या गुणांवर ओढली होती, तिच्या जरा खालच्या आणि जरा वरच्या शाळांची त्यांनी तुलना केली. त्या जवळजवळ सारख्याच होत्या, फक्त काहींना मदत मिळाली आणि काहींना नाही. सुरुवातीच्या वर्षांतली दिसलेली वाढ बहुतेक निव्वळ परतण्याची निघाली. नंतरच्या वर्षांत मात्र मदतीचा खरा फायदा सापडला, आधी सांगितला जात होता त्यापेक्षा लहान, पण खरा.

चिलीचा हा शेवटचा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण प्रतिगमन समजल्यावर माणसं कधी कधी दुसऱ्या टोकाला जातात. सगळं योगावरच आहे, शिकवून काही होत नाही, असं म्हणू लागतात. हिशेब असं काही सांगत नाही. वरच्या उदाहरणातल्या खालच्या वीस मुलांना ऑगस्टपासूनच रोज एक तास वेगळं वाचन दिलं आणि संकलित १ मध्ये ती ३३ ऐवजी ३७ वर आली, तर चार गुण त्या तासाचे आहेत. ११ गुणांची वाढ सांगणं चूक, आणि काहीच झालं नाही म्हणणंही चूक. वीस मुलांवर चार गुण ही नक्की खूण धरायची की नाही हे दुसऱ्या केंद्रातही तसंच दिसतं का यावर ठरेल.

कौतुकाबद्दलही तेच. प्रतिगमन असं सिद्ध करत नाही की शाबासकीने मुलं सुधारतात आणि रागाने बिघडतात. ते एवढंच सांगतं की केंद्रप्रमुखांचा पंचवीस वर्षांचा अनुभव या प्रश्नावर कोणत्याच बाजूने साक्ष देऊ शकत नाही, कारण शाबासकी नेहमी शिखरावर दिली गेली आणि राग नेहमी खड्ड्यात. खरी तुलना हवी असेल तर सारखंच वाचलेल्या मुलांपैकी काहींचं, चिठ्ठ्या टाकून, कौतुक करायचं, काहींना काहीच बोलायचं नाही, आणि पुढच्या आठवड्यात दोन्ही गटांचं वाचन ऐकायचं. कौतुक आणि मौन यांची तुलना कोणत्याही वर्गात करता येते. मारण्याची आणि पाणउतारा करण्याची तशी परीक्षा घ्यायचा प्रश्नच नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने २००९ साली शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे. तरीही शिक्षकांच्या खोलीत या मनाईबद्दल कुरकुर ऐकू येते, आणि तिच्या मुळाशी बऱ्याचदा हाच अनुभव असतो की ओरडलं की फरक पडतो. तो फरक कुठून येतो हे दोन चाचण्यांच्या तक्त्यावर त्यांना स्वतः उलटं वाचून पाहू दिलं, तर माझ्या मते कलमाचा आकडा सांगण्यापेक्षा ते अधिक पटेल.

शिक्षकाला रोजच्या कामात या सगळ्याचा नेमका उपयोग एका प्रश्नाला होतो. खालच्या वीस मुलांतून खरोखर अडलेलं मूल कोणतं? एका चाचणीत २६ गुण मिळालेलं मूल पुढच्या वेळी सरासरीने ३३ वर येईल, हे आपण पाहिलं. पण जे मूल दोन लागोपाठच्या चाचण्यांत २६ वरच राहिलं, त्याचं तसं नाही. दोनदा प्रतिकूल योग येणं अवघड, म्हणून त्या २६ मध्ये तयारीचा वाटा मोठा आहे. ०.७ चाच सहसंबंध धरून हिशेब केला तर ते मूल तिसऱ्या चाचणीत आपोआप ३० पर्यंतच येईल, सरासरीपासून अजून २० गुण लांब. वर्गात एक तास आणि एक शिक्षक एवढंच हाताशी असेल, तर तो तास आधी या मुलाला द्यावा. एकदाच घसरलेल्या मुलाची महिन्याभराने पुन्हा चाचणी घेऊन बघावी. ज्याचा पहिला आकडा वीटभट्टीवर जाण्याआधीचा आणि दुसरा परत आल्यानंतरचा असेल, त्याचे दोन आकडे मात्र एकाच तयारीचे धरता येत नाहीत. मधले महिने शाळेबाहेर गेल्यामुळे त्याची तयारीच बदललेली असते, आणि त्याचा हिशेब परत आल्यानंतरच्या दोन चाचण्यांपासून नव्याने सुरू करावा लागतो.